ट्रायलची तारीख सांगणारी रील

लग्नाचा बस्ता बांधून झाला, की घरातल्या बायकांची खरी धावपळ सुरू होते ती ब्लाउजसाठी. साडी येवल्याहून आणलेली असो की पुण्याच्या लक्ष्मी रोडवरून, ती घडी मोडून नेसता येते. ब्लाउजला मात्र अंगाचं माप लागतं, शिवणाऱ्याचा हात लागतो आणि दिवस लागतात. ‘परवा या’, ‘फक्त हूक राहिलेत’, ‘मास्तर गावाला गेलेत’ ही उत्तरं ऐकत दुकानाच्या पायऱ्या झिजवलेल्या बायका घरोघरी सापडतील. हळदीच्या आदल्या रात्री मामीने किंवा आत्याने बसून बगल उसवली, असंही बऱ्याच घरांत घडलेलं असतं.

म्हणून लग्नसराईच्या तोंडावर एखादं बुटीक मोबाइलवर रील टाकतं, तेव्हा ती बघणाऱ्या बाईच्या मनात दोनच प्रश्न असतात. काम नीट करतील का? आणि वेळेवर देतील का?

बहुतेक रील या दोन्हींची उत्तरं देत नाहीत. दुकानाचं नाव फिरत येतं, मागे चालू सिनेमातलं गाणं वाजतं, पुतळ्यावर चढवलेले आठ-दहा ब्लाउज एकामागून एक सरकतात आणि शेवटी ‘सर्व प्रकारचे ब्लाउज शिवून मिळतील’ अशी ओळ येते. त्यातले काही फोटो दुसऱ्याच कुणाच्या कामाचे असतात आणि सराईत गिऱ्हाइकाला ते ओळखू येतात. अशा रीलमधून दुकान कळतं, पण ते कापड कसं हाताळतं आणि तारीख कशी पाळतं, हे कळत नाही.

याला उपाय आहे आणि त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. रीलची संहिता मोबाइल हातात घेण्याआधी ऑर्डरच्या वहीतून सुरू करायची. दुकान कोणतं वचन पाळू शकतं, हे आधी आकड्यांत काढायचं. मग ते वचन खरं वाटावं म्हणून कामाचे कोणते क्षण दाखवायचे, ते ठरवायचं.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातलं एक छोटं बुटीक घेऊ. मालकीणबाई स्वतः माप घेतात आणि कापतात. मशीनवर एक मास्तर आहेत. आरीकामाला दोन कारागीर आहेत. लाकडी चौकटीवर कापड ताणून ते काम करतात आणि त्या चौकटीला अड्डा म्हणतात. वधूचा गळा, पाठ आणि बाह्या भरलेला एक ब्लाउज या दोघांना मिळून चार दिवस घेतो. साध्या अस्तराचे ब्लाउज मास्तर रोज शिवतात, त्यांचा खोळंबा होत नाही. खोळंबा होतो तो अड्ड्यावर. एकही दिवस सुट्टी न घेता हिशेब केला, तर महिन्यात सात वधूंचे ब्लाउज होतात. वीज जाणं, आजारपण, मण्यांची छटा न मिळणं यासाठी जागा सोडली, तर सहा. रीलने वीस जणींना दुकानात आणलं, तरी हे दुकान सहाच जणींना खरं बोलू शकतं.

आता एका लग्नाच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. समजा लग्न ५ डिसेंबरला आहे. ब्लाउज दहा दिवस आधी, म्हणजे २५ नोव्हेंबरला हातात द्यायचा. ट्रायल त्याच्या पाच दिवस आधी, २० तारखेला. शिवायला दोन दिवस, १८ आणि १९. त्याआधी आरीकामाचे चार दिवस, म्हणजे १४ तारखेपासून कापड अड्ड्यावर हवं. पण रांगेत आधीचे तीन ब्लाउज आहेत, त्यांचे बारा दिवस गेले की २ नोव्हेंबर येतो. दिवाळीत कारागीर घरी जातात, तो आठवडा धरला की २६ ऑक्टोबर. सुई लागायच्या आधी माप, आखणी, मण्यांची निवड व्हायला हवी. म्हणून कापड २५ ऑक्टोबरपर्यंत दुकानात यायला हवं. चार दिवसांच्या भरतकामासाठी जवळपास सहा आठवडे आधी कापड का मागतात, याचं उत्तर या मोजणीत आहे. गिऱ्हाइकाला ते कुणी समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून तिला तो निव्वळ उशीर वाटतो.

या हिशेबातून रीलची शेवटची तीन वाक्यं आपोआप तयार होतात. लग्नाच्या सहा आठवडे आधी कापड द्या. पंधरा दिवस आधी ट्रायल, दहा दिवस आधी ब्लाउज तुमच्या हातात. महिन्याला सहाच वधूंचं काम घेतो.

इथे ट्रायलची तारीख सगळ्यांत मोलाची आहे. ‘वेळेवर देऊ’ असं प्रत्येक दुकान म्हणतं आणि वेळेवर दिलेला ब्लाउज अंगात घट्ट निघाला, तर तो उशिरा मिळाल्यासारखाच असतो. ट्रायल पंधरा दिवस आधी आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकाला उमगतं, की चूक निघाली तरी ती सुधारायला वेळ राखून ठेवलेला आहे. ‘चोवीस तासांत ब्लाउज’ ही ओळ साध्या शिवणकामाला चालेल, पण वधूच्या भरजरी ब्लाउजच्या रीलमध्ये ती घातली, की आधी दाखवलेल्या सगळ्या हातकामावर पाणी पडतं. इतकं बारीक काम एका दिवसात होत नाही, हे बघणाऱ्या बाईला ठाऊक असतं.

वचन ठरलं, आता कामाकडे वळू. शिवणकामातल्या शंभर गोष्टी चांगल्या दिसतात. रीलमध्ये चार-पाचच मावतात. निवडताना कसोटी एकच ठेवावी. चुकलं तर काय बिघडलं असतं, हे ज्या क्षणातून समजतं तो क्षण घ्यायचा.

पैठणीच्या ब्लाउजपिसाचंच बघा. कापड मोजकं असतं आणि त्याला काठ असतो. बाहीच्या कडेला काठ यावा म्हणून तो नेमका कापावा लागतो आणि एकदा कात्री चुकीची चालली की दुसरा काठ आणायचा कुठून? मुनिया काठ असेल तर आणखी एक पेच असतो. त्यातल्या राघूंची तोंडं एका दिशेला असतात. न बघता कापलं, तर डाव्या बाहीवरचे राघू पुढे बघतात आणि उजव्या बाहीवरचे मागे. जाणता कापणारा कापडाच्या घड्या उलटसुलट करून, दोन्ही बाह्या शेजारी मांडून, तोंडं जुळतात का ते पाहतो आणि मगच खडू लावतो. हे मांडून बघणं चार सेकंदांत दिसतं आणि पैठणीवर जीव असलेली बाई तिथे थांबतेच.

आरीकामात बहुतेक रील वरून दिसणारी सुई दाखवतात. पण खरी गंमत कापडाखाली असते. वरचा हात आकडीची सुई कापडात घालतो आणि खालचा हात दोरा त्या आकडीत अडकवून देतो. तो खालचा हात बघत नाही, चाचपून काम करतो. मोबाइल अड्ड्याखाली धरून, वरून येणारा उजेड आणि तो हात टिपला, तर याचे चार दिवस का लागतात हे वेगळं सांगावं लागत नाही. याच दृश्यात गळ्याची खडूची रेघ दिसू द्यावी. ब्लाउज कापण्याआधी, सपाट ताणलेल्या कापडावर भरतकाम होतं, हे अनेकींना नवीन असतं. माप आधी का लागतं आणि भरतकाम झाल्यावर गळ्याचा आकार बदलून का मिळत नाही, हे तिथेच कळतं.

तिसरं दृश्य ब्लाउज उलटा करून. रीलमध्ये आतली बाजू फारसं कुणी दाखवत नाही, म्हणूनच ती दाखवावी. अस्तराचं सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवलेलं असतं. तसं केलं नाही, तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं रेशीम तसंच राहतं आणि ब्लाउजला आतून चुण्या पडतात. बगलेच्या शिवणीत दीड इंच कापड जादा ठेवलेलं असतं. लग्नाआधीच्या केळवणांत अंग थोडं भरलं किंवा पुढे काही वर्षांनी तोच ब्लाउज घालायचा झाला, तर टीप उसवून तो सैल करता येतो. त्यासाठी बगलेच्या पट्ट्यात मणी न भरता जागा मोकळी ठेवावी लागते. टेप लावून ते दीड इंच दाखवलं, की एकही विशेषण न वापरता शिवणाऱ्याची समज दिसते.

आणि चौथं दृश्य ट्रायलचं. बगलेला कच्ची टीप आहे, ब्लाउज अंगात आहे आणि ती मुलगी दोन्ही हात वर उचलते, जणू नवऱ्या मुलाच्या गळ्यात हार घालते आहे. ब्लाउज वर सरकत नाही. हात उचलल्यावर ब्लाउज वर चढतो, तेव्हा बहुधा मुंढा खाली उतरलेला असतो. बगलेच्या जवळ घेतलेला मुंढा हाताला मोकळं सोडतो. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं की हा दोष दिसत नाही. तो सापडतो बोहल्यावर, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर. म्हणून ट्रायलला हात उचलून बघणारं दुकान त्या एका दृश्यात खूप काही सांगून जातं. इथे बोलणं नको, मशीनचा आवाजही नको.

आता हे सगळं एका धाग्यात ओवू. पस्तीस-चाळीस सेकंदांची उभी रील धरली, तर सावकाश, स्पष्ट मराठीत साठ-सत्तर शब्द मावतात. त्याहून जास्त घातले, की आवाज घाईचा होतो आणि घाईच्या आवाजात सबुरीच्या कामाची हमी पटत नाही. आपल्या बुटीकची संहिता अशी होईल.

पहिली तीन सेकंदं: पैठणीच्या काठावर उघडी कात्री येते आणि थांबते. आवाज मालकीणबाईंचा: “पैठणीचा काठ एकदाच कापता येतो.” दुकानाचं नाव अजून आलेलं नाही. बोट स्क्रीनवर सरकायच्या आत बघणारीला थांबवायचं आहे आणि नावाने ती थांबत नाही.

पुढची सात सेकंदं: दोन बाह्यांच्या घड्या शेजारी मांडल्या जातात, एक उलटी फिरवली जाते, खडूची रेघ उमटते. “म्हणून दोन्ही बाह्यांचे राघू पुढेच बघताहेत ना, हे आधी लावून बघतो.”

त्यानंतर आठ सेकंदं अड्डा. आधी वरून सुई, मग खालून हात. “आरीचं काम आधी, कापणं नंतर. दोन माणसं, चार दिवस.” या वाक्यांच्या मध्ये थोडी जागा सोडावी, म्हणजे सुई कापडात शिरल्याचा बारीक आवाज ऐकू येईल.

मग सात सेकंदं उलटा ब्लाउज आणि टेप. “अस्तर पाण्यातून काढलेलं. बगलेत दीड इंच कापड जादा, म्हणजे पुढे सैल करता येतं.” त्यानंतर तीन सेकंदं हात वर उचलणारी मुलगी, शब्दांशिवाय.

शेवटची दहा सेकंदं ऑर्डरच्या वहीची. पेन कोऱ्या पानावर लिहितं: कापड २५ ऑक्टोबर, ट्रायल २० नोव्हेंबर, डिलिव्हरी २५ नोव्हेंबर, लग्न ५ डिसेंबर. वरून आवाजात आधी ठरलेली तीन वाक्यं, आणि मग दुकानाचं नाव, गाव आणि फोन नंबर. नंबर दोन सेकंदं तरी स्थिर दिसला पाहिजे, म्हणजे कुणालाही तो टिपून घेता येईल.

वहीचं पान कोरंच घ्यायचं, याला कारण आहे. खऱ्या पानावर दुसऱ्या बायकांची नावं, मोबाइल नंबर आणि मापं असतात. घाईत शूट करताना ती रीलमध्ये जातात आणि आपलं माप गावभर झालेलं कुणाही बाईला आवडणार नाही. ट्रायलच्या दृश्यातल्या मुलीची परवानगीही आधी घ्यावी, शक्यतो लेखी. ती खरीच नवरी असेल, तर तिचा ब्लाउज लग्नाआधी जगाला दाखवायचा नाही, हे साधं पथ्य. रील लग्नानंतर टाकता येते किंवा घरातल्याच कुणाला तरी उभं करता येतं.

शूटिंगमध्ये दोन गोष्टी हमखास फसतात. पहिली, जर. मोबाइल आपोआप उजेड वाढवतो, मग जरीचा पांढरा डाग होतो आणि नक्षी पुसली जाते. स्क्रीनवर जरीच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच स्थिर होतो. मग उजेड थोडा खाली ओढायचा. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ दिला, तर मण्यांच्या सावल्या पडतात आणि भरतकामाचा उठाव दिसतो. समोरून मारलेल्या दिव्यात तेच काम सपाट छापील वाटतं. रंगाचीही काळजी घ्यावी. ट्यूबच्या उजेडात राणी रंग जांभळ्याकडे झुकला, तर गिऱ्हाईक रीलमधला रंग मागायला येतं आणि वाद होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्रातून सरकणारे काळे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेत असेल, तर हे दोन्ही जुळत नाहीत आणि पट्टे दिसतात. ज्या मोबाइलमध्ये सोय आहे, तिथे सेकंदाला २५ चित्रांवर शूट करावं किंवा शटर एक-पन्नासांश सेकंदाला लावावं. सोय नसेल, तर दिवे बंद करून दिवसाउजेडी शूट करावं. स्लो मोशनमध्ये हे पट्टे जास्तच दिसतात, म्हणून सुईचं संथ दृश्य खिडकीशीच घ्यावं.

बरेच जण आवाज बंद ठेवून रील बघतात, तेव्हा प्रत्येक वाक्य अक्षरांतही हवं. स्क्रीनच्या खालच्या भागात खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे बटणं येतात. तारखा तिथे लिहिल्या तर झाकल्या जातील. त्या मधोमध किंवा थोड्या वर लिहाव्यात. एडिटिंगच्या काही ॲपमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, म्हणून ‘डिलिव्हरी’, ‘नोव्हेंबर’ हे शब्द टाकण्याआधी मोठे करून तपासावेत.

गाण्याचा मोह आवरणं मात्र अवघड जातं. सिनेमातलं गाणं घरच्या व्हिडिओवर चालतं, पण दुकानाच्या जाहिरातीवर वापरायला हक्कदाराचा परवाना लागतो. म्हणूनच व्यवसायाच्या खात्यांना ॲपमध्ये गाण्यांची निवड कमी दिसते आणि कधी कधी टाकलेल्या रीलचा आवाजच बंद केला जातो. ऐन सराईत हे झालं, तर मेहनत वाया. शिवणयंत्राची लय, कात्रीचा करकर आवाज, खडू घासल्याचा आवाज हे सगळं मोबाइल जवळ धरून वेगळं रेकॉर्ड करता येतं. मालकीणबाईंचा स्वतःचा आवाज तर हवाच. उच्चार गावाकडचे असतील तर तसेच ठेवावेत, कारण गिऱ्हाईक दुकानात गेल्यावर तोच आवाज ऐकणार आहे.

वचनाला कायद्याचीही बाजू आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा फसव्या जाहिरातीत खोटी हमीही धरतो आणि मोबाइलवरची जाहिरात त्याच्या कक्षेत येते. ब्लाउज ठरल्या दिवशी मिळाला नाही, तर ती सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि रीलचा स्क्रीनशॉट त्या बाईच्या हातात असतोच. म्हणून अटी रीलमध्येच, त्याच मराठीत सांगाव्यात. आपल्या संहितेत अट एकच आहे, सहा आठवडे आधी कापड. ती वचनाच्या आधी येते, मजकुराच्या शेवटी बारीक अक्षरांत लपत नाही.

रील टाकायची कधी, हेही मागे मोजूनच काढायचं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नांचे बस्ते त्याच्या बरेच आधी बांधले जातात. सहा आठवड्यांचं गणित धरलं, तर गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ योग्य. दिवाळीनंतर टाकलेली हीच रील मुख्यतः माघ-फाल्गुनाच्या लग्नांना उपयोगी पडेल, तेव्हा वहीतल्या तारखा बदलून ते दृश्य पुन्हा घ्यावं.

रील टाकल्यावर ती दुकानाच्या हातात राहत नाही. ॲप ती कुणाला दोन तासांनी दाखवतं, कुणाला तीन आठवड्यांनी. डिसेंबरचे सहा ब्लाउज घेऊन झाले आणि सातवी बाई रील बघून कापड घेऊन आली, तर तिला दारातून परत पाठवावं लागेल. म्हणून पानं भरली, की त्याच दिवशी मजकुराची पहिली ओळ बदलायची: ‘डिसेंबरचं वधूंचं काम भरलं आहे, फेब्रुवारीसाठी कापड घेतो.’ तीच ओळ कमेंटमध्ये लिहून सर्वांत वर लावायची.

उपयोग झाला की नाही, हे किती जणांनी पाहिलं यावरून ठरवू नये. येणारे संदेश वाचावेत. सगळ्या जणी फक्त ‘किती घेता?’ विचारत असतील, तर रीलमधून भावाची उत्सुकता तेवढी निर्माण झाली; पुढच्या वेळी सुरुवातीचा दर मजकुरात लिहावा. ‘अठरा डिसेंबरचं लग्न आहे, कापड कधी आणू?’ असं विचारणाऱ्या जणी वाढल्या, तर वहीचं दृश्य पोचलं आहे. आणि ‘जुना ब्लाउज सैल करून मिळेल का?’ असं कुणी विचारू लागलं, तर उलट्या ब्लाउजवर लावलेला टेप लोकांच्या लक्षात राहिला आहे आणि त्या कामासाठी सराई संपल्यावर एक वेगळी, पंधरा सेकंदांची रील करता येईल.